सूचना पाठवली तरी पालकांचे फोन थांबत नाहीत: परिपाठातल्या भाषणाची सूचना करताना बिघडतं कुठे आणि दुरुस्त कसं करायचं

परिपाठाला पालकांना बोलावलेलं असतं, मुख्याध्यापिका दहा-पंधरा मिनिटं बोलतात, कुणीतरी ते मोबाइलवर रेकॉर्ड करतं आणि जे पालक येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी त्यातून छोटी सूचना काढली जाते. सूचना वर्गाच्या गटांवर जाते आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातला फोन वाजायला लागतो. "मॅडम, बस नक्की कुठे थांबणार?" "कपडे विकत आणायचे का?" "आमच्या मुलाचं आधार बरोबर आहे, तरी यायचं का?" तिन्ही प्रश्नांची उत्तरं भाषणात होती, सूचनेत मात्र ती उतरली नाहीत.

दर सत्रात हे घडतं आणि दर वेळी "पालक वाचतच नाहीत" असं म्हणून विषय संपतो. मला ते पटत नाही. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागात परिपाठाला न येणारे पालक बेफिकीर नसतात. बाजार समितीत माथाडी काम करणारे वडील पहाटेच घराबाहेर पडलेले असतात, आई महापे-रबाळ्याच्या कंपनीत पाळीवर असते किंवा कुणाकडे घरकामाला गेलेली असते. सूचना ते रात्री वाचतात, एकदाच वाचतात आणि सकाळी मुलाला कुठे, किती वाजता उभं करायचं हे तेवढ्यावरून ठरवतात. त्यामुळे सूचनेत जे नाही ते त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

बिघाड बहुतेक वेळा भाषण लहान करण्याच्या पायरीवर होतो. आपण भाषण कापायला बसलो की मोठमोठी वाक्यं ठेवतो आणि "ज्यांचं जुळत नाही त्यांनीच", "असेल तर", "नवीन घ्यायचं नाही" असले बारीक तुकडे आधी काढून टाकतो, कारण ते जादा वाटतात. न आलेल्या पालकाला नेमके तेच हवे असतात.

आधी फोन कसले येतात ते बघा

सूचना गेल्यावर येणारे प्रश्न कार्यालयातल्या ताईंना एका कागदावर लिहून ठेवायला सांगा. कुणी विचारलं हे लिहायची गरज नाही, प्रश्न तेवढा लिहायचा. दोष कुठल्या पायरीवर आहे ते त्या कागदावरून कळतं.

"कधी?" आणि "कुठे?" असे प्रश्न जास्त असतील तर भाषणातले "येत्या शनिवारी", "तिकडच्या गेटाने", "नेहमीच्या वेळी" हे शब्द जसेच्या तसे सूचनेत आले आहेत. समोर बसलेल्यांना ते कळले होते, कारण मॅडमनी हात करून गेट दाखवलं होतं. हात रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. "आम्हालाही लागू आहे का?" असे प्रश्न जास्त असतील तर अट गळली आहे. "खरंच तसं ठरलंय का?" असं विचारत असतील तर मॅडमनी बोलून दाखवलेला नुसता विचार सूचनेत निर्णय होऊन बसला आहे.

एका बिघाडाचा मात्र फोन येत नाही, आणि सगळ्यांत त्रासदायक तोच. आकडा चुकीचा ऐकला गेला आणि सूचनेत तो स्वच्छ, ठसठशीत लिहिला गेला, तर कुणालाही शंका येत नाही. पालक निर्धास्तपणे चुकीच्या वेळी मुलाला आणून सोडतात. म्हणून फोन आले नाहीत याचा अर्थ सूचना बरोबर होती असा घेऊ नका. आधी आकडे तपासा.

ऐकताना आकडा कुठे निसटतो

शाळेचा हॉल किंवा पत्र्याचं छत असलेलं पटांगण असेल तर आवाज घुमतो. मागच्या रांगेत बसून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये स्पीकरच्या खोक्यातून आलेला आवाज, भिंतीवरून परतलेला आवाज, पंखे आणि मुलांची कुजबुज सगळं एकत्र होतं. नंतर संगणकावर आवाज साफ करायला गेलात तर पंख्याची घरघर बरीच कमी होते, कारण ती एकसारखी असते. घुमणारा आवाज तितक्या सहज काढता येत नाही, कारण तो मॅडमच्याच शब्दांचा बनलेला असतो. म्हणून खरा इलाज रेकॉर्डिंगच्या वेळीच करायचा: मोबाइल मॅडमच्या समोरच्या स्टँडवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवायचा आणि विमान मोड लावायचा, म्हणजे मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटत नाही. फाइल दुसऱ्या कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशी आहे तशी जाते.

रेकॉर्डिंग आधीच झालेलं असेल आणि खराब असेल तर कानात इअरफोन घालून, वेग पाऊणपट करून ऐका. घुमणाऱ्या हॉलमध्ये "सव्वासात" आणि "साडेसात" यांतला फरक जवळजवळ पुसला जातो, कारण दोन्हींची सुरुवात आणि शेवट सारखाच ऐकू येतो. "एक तारखेपासून" आणि "एकवीस तारखेपासून" यांचंही तसंच होतं, मधला भाग कुजबुजीत बुडतो. असा शब्द पुन्हा पुन्हा ऐकून उलगडत नाही. चार-पाच वेळा ऐकल्यावर आपल्याला जे हवं असतं तेच ऐकू यायला लागतं. त्यापेक्षा त्याच भाषणात दुसरा पुरावा शोधावा. मॅडम तीच गोष्ट पुढे पुन्हा बोलल्यात का? तारखेसोबत वार सांगितलाय का? वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळतात का? वेळेच्या आधी किंवा नंतर काय घडणार आहे त्यावरून ती वेळ बसते का? दुसरा पुरावा सापडलाच नाही तर तो आकडा सूचनेत लिहायचा नाही, मॅडमना विचारायचा.

एक भाषण घेऊन बघू

शनिवार, २८ जून २०२५. नवी मुंबईतली मराठी माध्यमाची शाळा, सकाळचं सत्र, परिपाठाला पालकांना बोलावलेलं. मॅडम चौदा मिनिटं बोलल्या. पहिली चार मिनिटं स्वागत, पाऊस, नवे शिक्षक. मग कामाच्या गोष्टी आल्या, त्याही एका ओळीत नाही, मध्येमध्ये इतर बोलणं होतं. कामाचे तुकडे असे होते:

"बसचं सांगते. घणसोलीच्या मुलांची बस सोमवारपासून, नाही, सोमवारी ड्रायव्हर काकांना रस्ता बघायचाय, मंगळवारपासून रिक्षा स्टँडवर थांबणार नाही. तिथे खणून ठेवलंय, पाणी साचतं. ती आता सेक्टर सातच्या गार्डनच्या मोठ्या गेटसमोर थांबेल. वेळ तीच."

"आपली दिंडी एकादशीच्या आदल्या दिवशी, शनिवारी. मुलांना सव्वासातला शाळेत सोडा. बरोबर साडेसातला दिंडी निघणार. शक्यतो पांढरे कपडे, मुलींना घरात असेल तर नऊवारी, पण कुणीही नवीन काही विकत घ्यायचं नाही. नसेल त्याने गणवेशात यावं. त्या दिवशी पावणेदहाला शाळा सुटेल."

"अपार आयडीसाठी मुलाचं नाव आपल्या जनरल रजिस्टरमध्ये आणि आधारवर सारखं लागतं. सगळ्यांनी घरी जाऊन बघा. ज्यांचं जुळत नाही त्यांनीच गुरुपौर्णिमेपर्यंत आधारची झेरॉक्स घेऊन ऑफिसात या."

आणि शेवटी, उठता उठता: "खेळाच्या गणवेशाचा रंग बदलावा असं मनात आहे. बघू, दिवाळीनंतर."

आता घाईत केलेली सूचना साधारण कशी होते ते बघा:

> सर्व पालकांना कळविण्यात येते की, सोमवारपासून बसचा थांबा बदलण्यात आला आहे. शनिवारी दिंडीनिमित्त विद्यार्थ्यांनी पारंपरिक वेशभूषेत सकाळी ७:३० वाजता उपस्थित राहावे. सर्व पालकांनी पाल्याच्या आधार कार्डाची प्रत कार्यालयात जमा करावी. क्रीडा गणवेशाचा रंग बदलण्यात येणार आहे.

वाचायला नीट, व्याकरण शुद्ध, आकारही लहान. पण चारही वाक्यांत बिघाड आहे, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

बसच्या वाक्यात "सोमवार" आला, कारण लिहिणाऱ्याने पहिला वार ऐकला आणि लिहून घेतला. बोलताना माणूस स्वतःला दुरुस्त करतो आणि दुरुस्ती नेहमी नंतर येते. म्हणून वार, तारीख किंवा आकडा ऐकू आला की लगेच पेन टेकवू नका, पुढची दोन वाक्यं ऐकून मग लिहा. शिवाय थांबा कुठला ते राहिलंच, आणि हे फक्त घणसोलीच्या मुलांसाठी होतं तेही राहिलं. कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या पालकांना उगाचच वाटतं की आपलीही बस हलली. नवी मुंबईत आणखी एक काळजी घ्यावी लागते. इथे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे प्रत्येक उपनगरात, सेक्टरचे आकडे नव्याने सुरू होतात. सेक्टर ७ घणसोलीत आहे तसाच कोपरखैरणेतही आहे. समोर बसलेल्यांना संदर्भाने कळलं, पण कागदावर "घणसोली सेक्टर ७" असंच लिहायला हवं.

दिंडीच्या वाक्यात ७:३० आले. मुलांनी येण्याची वेळ सव्वासातची, साडेसात ही दिंडी निघण्याची. इथे दुसरा पुरावा भाषणातच होता: दोन वेळा सांगितल्या होत्या, म्हणजे त्या वेगळ्या असणार, आणि येणं निघण्याच्या आधीच असणार. त्यामुळे आवाज घुमत असला तरी पहिली वेळ सव्वासातच. "शनिवारी" हा शब्दही धोक्याचा. भाषण शनिवारीच झालं, सूचना काही पालक रविवारी वाचतील, काही गुरुवारी. एकादशी रविवारी, ६ जुलैला होती, म्हणून दिंडी शनिवार, ५ जुलै. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की एक चुकली तरी दुसरीवरून ती पकडता येते.

कपड्यांचं तर उलटंच झालं. मॅडमचा सगळा जोर "विकत घ्यायचं नाही" यावर होता, आणि सूचनेत राहिली फक्त "पारंपरिक वेशभूषा". हे वाचून माणूस शुक्रवारी संध्याकाळी बाजारात धावणार, किंवा भाड्याने कपडे आणणार. माथाडी कामगाराच्या घरात दोन मुलं असतील तर तो खर्च लहान नसतो. कुणाला पैसे खर्च करायला लावणारं किंवा त्यातून वाचवणारं वाक्य भाषणात असेल तर जागा कितीही कमी असली तरी ते सूचनेत ठेवायचंच, असा नियम मी पाळते.

आधारच्या वाक्यात "सगळ्यांनी घरी बघा" आणि "ज्यांचं जुळत नाही त्यांनीच या" ही दोन वाक्यं एक झाली आणि "सर्व पालकांनी जमा करावी" असं काहीतरी तिसरंच तयार झालं. याचा परिणाम सरळ आहे: ज्यांना यायची गरज नव्हती तेही अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे राहतात. शिवाय कार्यालयात नको असलेल्या आधारच्या प्रती जमा होतात, आणि त्या सांभाळणं ही वेगळीच जबाबदारी होऊन बसते.

गणवेशाचं वाक्य सूचनेत यायलाच नको होतं. "मनात आहे", "बघू", "विचार चालू आहे", "करता आलं तर" असे शब्द ज्या वाक्यात असतील ते ठरलेलं नाही. ज्याने जुना गणवेश आत्ता घ्यायचा ठरवला होता तो थांबेल, दुकानदाराकडे चौकशी करेल, आणि दिवाळीनंतर काहीच बदललं नाही तर शाळेच्या पुढच्या सूचनेवर विश्वास ठेवणार नाही.

कागदावर आधी काय काढायचं

भाषण शब्दन् शब्द उतरवून मग कापायला बसलात तर वेळही जातो आणि तीच भाषणाची चाल सूचनेत उतरते. मी आडव्या कागदावर चार रकाने आखते: कोणी, काय करायचं, कधी आणि कुठे, आणि शेवटच्या रकान्यात रेकॉर्डिंगमधलं मिनिट आणि सेकंद. ऐकताना फक्त हे रकाने भरायचे. स्वागत, आभार, पावसाचं वर्णन आपोआपच बाहेर राहतं, कारण ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पहिला रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. "सगळे" असं लिहायच्या आधी रेकॉर्डिंगमध्ये "सगळे" खरंच ऐकू आलं का ते पाहायचं. आलं नसेल तर रकाना मोकळा ठेवायचा. मोकळा रकाना म्हणजे मॅडमना विचारायचा प्रश्न. मिनिट-सेकंद लिहिलेले असले की मॅडम "मी असं म्हटलं होतं का?" म्हणाल्या तर तीस सेकंदांत तो तुकडा ऐकवता येतो, सगळं भाषण पुन्हा लावावं लागत नाही.

या भाषणाचा कागद भरला तेव्हा चार जागा मोकळ्या राहिल्या. बस दुपारी सोडतानाही नव्या थांब्यावर सोडणार का? भाषणात फक्त "थांबेल" होतं. दिंडीच्या दिवशी शाळा पावणेदहाला सुटणार तर बसही तेव्हाच निघणार की नेहमीच्या वेळी? "गुरुपौर्णिमेपर्यंत" म्हणजे १० जुलैचा तो दिवस धरून की आदल्या दिवसापर्यंत, आणि कार्यालय किती वाजेपर्यंत? आणि पालकाने घरी बसून नाव जुळतं की नाही हे ताडायचं कसं? जनरल रजिस्टर तर शाळेत असतं.

शेवटचा प्रश्न भाषण ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच सुचला नव्हता, कारण समोर बसून ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. मॅडमनी उत्तर दिलं की प्रगतिपुस्तकावरचं नाव रजिस्टरवरूनच घेतलेलं असतं, ते बघायला सांगा. आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम वेगळा असतो, कधी वडिलांचं नावच नसतं, कधी इंग्रजी अक्षरांत एखादं अक्षर जास्त असतं. पालकांना हा फरक वाटतच नाही, म्हणून "अक्षरन् अक्षर" हा शब्द सूचनेत घातला.

हे चार प्रश्न एकाच वेळी विचारायचे, कागद हातात घेऊन, मॅडम उभ्या उभ्याच भेटल्या तरी चालेल. एकेक प्रश्न घेऊन चार वेळा गेलात तर तिसऱ्या वेळी "तुम्हीच लिहा काहीतरी" असं उत्तर येतं, आणि मग ते काहीतरीच लिहिलं जातं.

लिहून झालेली सूचना

> जावक क्र. ____     दि. २८ जून २०२५
> आजच्या परिपाठाला येऊ न शकलेल्या पालकांसाठी
>
> बस – फक्त घणसोलीची मुले: मंगळवार, १ जुलैपासून बस रिक्षा स्टँडवर थांबणार नाही. घणसोली सेक्टर ७ च्या उद्यानाच्या मोठ्या गेटसमोर थांबेल. दुपारी मुलांना तिथेच सोडेल. वेळ बदललेली नाही. सोमवारी, ३० जूनला जुन्याच थांब्यावर यावे.
>
> दिंडी – सर्व मुले: शनिवार, ५ जुलै. मुलांनी सकाळी ७:१५ पर्यंत शाळेत यावे. पांढरे कपडे असतील तर घालावेत, नसतील तर गणवेश चालेल. नवीन कपडे विकत घेऊ नयेत. शाळा ९:४५ ला सुटेल, सर्व बस तेव्हाच निघतील.
>
> आधार – फक्त नाव जुळत नसेल तर: प्रगतिपुस्तकावरचे आणि आधारवरचे मुलाचे नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. फरक असेल तरच आधारची झेरॉक्स घेऊन कार्यालयात यावे. शेवटचा दिवस गुरुवार, १० जुलै, दुपारी १२ पर्यंत. फरक नसेल तर यायची गरज नाही.
>
> मुख्याध्यापिका (सही व शिक्का)

क्रम तारखांनुसार लावलाय, इथे तो भाषणाच्या क्रमाशीही जुळला. जे आधी घडणार ते आधी. प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीलाच तो कुणासाठी आहे ते लिहिलंय, म्हणजे ऐरोलीची आई पहिला मुद्दा सोडून थेट दुसऱ्यावर जाते. "कळविण्यात येते की" काढलं, त्या जागेत "दुपारी मुलांना तिथेच सोडेल" बसलं. वेळा आकड्यांत लिहिल्या. बोलताना सव्वासात आणि पावणेदहा बरोबरच आहेत, पण आमच्याकडे बरेच पालक घरात हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलतात आणि ७:१५ त्यांना थेट कळतं.

"सोमवारी जुन्याच थांब्यावर" हे वाक्य मॅडम बोलल्या नव्हत्या, पण त्यांच्या दुरुस्तीतून ते निघतं. बदल मंगळवारी आणि सूचना शनिवारी, म्हणजे मधल्या एका दिवसाचं काय हा प्रश्न पडणारच. नऊवारीचा उल्लेख मात्र मॅडमना विचारून काढला. "घरात असेल तर" ही अट लिहिली असती तरी वर्गाच्या गटावर दोघी-तिघींनी नऊवारीतले फोटो टाकले की बाकीच्यांवर दडपण येतं, आणि मग विकत घेऊ नका याला अर्थ राहत नाही. असा काटछाटीचा निर्णय लिहिणाऱ्याने एकट्याने घेऊ नये. जे बोललं गेलं ते काढायचं असेल तर ज्यांनी बोललं त्यांना विचारावं.

परिपाठात मॅडमनी एका मुलाचं नाव घेऊन त्याच्या गैरहजेरीबद्दल काळजी व्यक्त केली होती. समोर मायेने बोललेलं ते वाक्य कागदावर आलं तर ती त्या घराची जाहीर तक्रार होते. कुठल्याही मुलाचं नाव सूचनेत येत नाही. सूचना लिहिण्याऐवजी रेकॉर्डिंगच गटावर टाका, असं काही जण सुचवतात, तेही मी याच कारणासाठी नाकारते. शिवाय पाळीवरून आलेल्या माणसाने बसचा थांबा कळण्यासाठी चौदा मिनिटं ऐकत बसावं, हे बरोबर नाही.

पाठवण्याआधीची तपासणी

परिपाठाला नसलेल्या एका माणसाला सूचना वाचायला द्या. आमच्याकडे बसमधल्या मावशी असतात, त्या परिपाठाच्या वेळी गाडीजवळच थांबतात. त्यांना "समजलं का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो" येतं. "मंगळवारी सकाळी तुमची नात घणसोलीहून येणार असेल तर तिला कुठे उभं कराल? आणि सोमवारी?" असं विचारा. त्या थबकल्या किंवा वाक्य परत वाचायला लागल्या तर तिथे दुरुस्ती करा.

हिंदी सूचना द्यायची असेल तर ती या तयार मराठी सूचनेवरून करा, भाषण पुन्हा ऐकून नको. भाषणावरून दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन सूचना केल्या की त्यांत फरक पडतोच, आणि पालक दोन्ही गटांवरच्या सूचना एकमेकांना दाखवून कार्यालयात येतात.

वेळेचंही भान ठेवा. इथे पहिला बदल मंगळवारी होता, म्हणजे सूचना शनिवारी रात्रीपर्यंत जायलाच हवी होती. मॅडमची सही सोमवारीच मिळणार असेल तर बसचा मुद्दा मॅडमना फोनवर वाचून दाखवून, त्यांच्या होकाराने, तेवढाच आधी पाठवा आणि त्यात लिहा की बाकीची सूचना सोमवारी येईल. तीन मुद्दे एकत्र नीटनेटके जावेत म्हणून बसचा मुद्दा अडवून ठेवणं महागात पडतं. भर पावसात लहान मूल जुन्या थांब्यावर उभं राहतं.

गटावर सूचना मजकूर म्हणून टाका आणि सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो त्याच्याखाली जोडा. नुसता फोटो टाकला तर लहान मोबाइलवर अक्षरं मोठी करून इकडे-तिकडे सरकवत वाचावी लागतात आणि नेमकी तारीख कडेला जाते. नुसता मजकूर टाकला तर पुढे पाठवताना कुणीतरी अर्धाच पाठवतो, आणि तो खरंच शाळेचा आहे का अशी शंका येते.

चूक होऊन सूचना गेलीच तर

जुनी पोस्ट पुसून नवी टाकणं पुरेसं नाही. जुनी तोवर नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शेजारणींच्या गटांवर पोहोचलेली असते आणि तिथून ती पुसता येत नाही. म्हणून "सुधारित सूचना" असं वर लिहून नव्या जावक क्रमांकाने काढा, त्यात जुन्या सूचनेचा जावक क्रमांक आणि तारीख द्या आणि फक्त बदललेली ओळ लिहा: "दिंडीसाठी येण्याची वेळ ७:३० नसून ७:१५ आहे. बाकी सूचना तशीच." संपूर्ण सूचना पुन्हा पाठवली तर काय बदललं ते शोधायला पालकांना दोन कागद शेजारी धरावे लागतात, आणि रात्री अकराला ते कुणी करत नाही. ज्या मुलांवर चुकीचा परिणाम होणार आहे त्यांच्या घरी वर्गशिक्षकांनी फोन करावा. बसच्या बाबतीत हा फोन टाळूच नये.

सूचनेतली शेवटची तारीख उलटेपर्यंत रेकॉर्डिंग आणि रकान्यांचा कागद जपून ठेवा, कारण वाद झाला तर तो तोवरच होतो. इथे ती तारीख १० जुलै होती. त्यानंतर रेकॉर्डिंग मोबाइलमधून आणि ज्यांना पाठवलं होतं त्यांच्याकडूनही पुसून टाका, त्यात मुलांची नावं आहेत. कागद मात्र फाइलला लावा. पुढच्या वर्षी दिंडीची सूचना लिहायला बसाल तेव्हा कुठले प्रश्न आधीच विचारून घ्यायचे ते त्यावर लिहिलेलं असेल.